जर ते चूक असेल, तर…

‘तू ते पैसे चोरलेस’ आणि ‘तू ते पैसे चोरलेस, हे चुकीचं केलंस’ या दोन वाक्यांत फरक काय? ए. जे. एअर या तरुण इंग्लिश तत्त्वज्ञाने १९३६ साली दिलेलं उत्तर असं, की माहितीच्या दृष्टीने काहीच नाही. दुसऱ्या वाक्याने घडलेल्या गोष्टीबद्दल एकही नवी बाब कळत नाही. फक्त बोलणाऱ्याचा सूर बदलतो. पहिलंच वाक्य त्याने तिरस्काराच्या स्वरात म्हटलं असतं, किंवा लिहिताना पुढे उद्गारचिन्हं टाकली असती, तरी तेवढंच काम झालं असतं.

पहिल्यांदा ऐकताना हे उद्धट वाटतं. मला मात्र त्यात नेहमी एक प्रामाणिकपणा दिसत आला आहे. जगात दगड आहेत, झाडं आहेत, माणसं आणि त्यांची कृत्यं आहेत. त्यांच्या जोडीला ‘चूकपणा’ नावाचा गुणधर्म कुठे बसलेला असतो, तो कोणत्या इंद्रियाने कळतो, हे समाधानकारकपणे सांगता येत नाही. शिवाय एखादी गोष्ट चूक आहे असं मनापासून पटलेला माणूस ती करताना अडखळतो. नुसत्या माहितीने माणूस असा अडखळत नाही. नैतिक वाक्य माहिती देत नसून मनाची भूमिका प्रकट करतं असं मानलं, तर दोन्ही गोष्टींचा उलगडा एकदम होतो. या मताच्या पुढे अनेक शाखा झाल्या. त्या सगळ्यांना मिळून मी इथे अभिव्यक्तिवाद म्हणते.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ‘चोरी चूक आहे’ याचा अर्थ ‘मला चोरी आवडत नाही’ असा होतो, असं अभिव्यक्तिवादी म्हणत नाहीत. ‘मला आवडत नाही’ ही माझ्याविषयीची माहिती झाली. ती खरी किंवा खोटी असू शकते, आणि तुम्हाला चोरी आवडत असेल तर आपल्या दोघांची वाक्यं सुखाने एकत्र नांदू शकतात. त्यांचं म्हणणं वेगळं आहे. ठेच लागल्यावर ‘आई गं!’ म्हणणारा माणूस दुखण्याचं वर्णन करत नाही, दुखणं बाहेर टाकतो. तसंच ‘चूक आहे’ म्हणणारा आपल्या नापसंतीचं वर्णन करत नाही, ती नापसंती थेट पुढे ठेवतो.

या मताचा कस कुठे लागतो ते मला घरातल्याच एका वादात नीट दिसलं. आत्या गेल्यानंतर तिच्या कपाटात डायऱ्यांचा गठ्ठा सापडला. त्या वाचाव्यात की नाही, यावर बोलणं सुरू झालं. काकांचं मत ठाम होतं: गेलेल्या माणसाची डायरी वाचणं चूक आहे. माझ्या आईच्या मते त्यात चूक काही नव्हतं. आत्याची मुलगी म्हणाली, की इतकी वर्षं लिहून आईने ते जपून ठेवलं, तर न वाचणं हेच चूक ठरेल. चुलतभावाचं काहीच ठरत नव्हतं. पण बोलता बोलता तो जे म्हणाला, त्यावर सगळ्यांनी मान डोलावली: ‘वाचणं चूक असेल, तर पानांचे फोटो काढून एकमेकांना पाठवणंही चूकच, नाही का?’

हे वाक्य जवळून पाहण्यासारखं आहे. त्यात ‘वाचणं चूक’ हे शब्द आहेत, पण चुलतभावाने वाचण्याबद्दल कोणतीही नापसंती प्रकट केलेली नाही. त्याचं काही ठरलेलंच नव्हतं. वाचण्यात काहीही गैर नाही असं मानणारी माझी आईसुद्धा त्याच्याशी सहमत होऊ शकली. मग त्या वाक्यातल्या ‘चूक’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा? शब्दाचं सगळं काम नापसंती प्रकट करणं एवढंच असेल, तर जिथे नापसंती प्रकटच होत नाही तिथे तो निरर्थक ठरायला हवा. तो निरर्थक तर मुळीच नाही. वाक्य सगळ्यांना कळलं आणि पटलंही.

ही अडचण पीटर गीच यांनी १९६० आणि १९६५ सालच्या दोन निबंधांत मांडली. श्रेय मात्र त्यांनी गोटलोब फ्रेगे यांना दिलं, म्हणून ती फ्रेगे–गीच प्रश्न या नावाने ओळखली जाते. फ्रेगेंचा मुद्दा साधा आहे. एखादा विचार मांडणं वेगळं आणि तो खरा आहे असं ठामपणे म्हणणं वेगळं. तोच विचार कधी ठाम विधान म्हणून येतो, कधी प्रश्नात, तर कधी ‘जर’च्या पोटात. या सगळ्या ठिकाणी त्याचा आशय एकच राहतो. तसं नसतं तर तर्क करताच आला नसता.

तर्क का करता आला नसता, ते काकांच्या बोलण्यातून दिसतं. त्यांनी चुलतभावाचं वाक्य उचललं आणि पुढे नेलं. वाचणं चूक असेल तर फोटो पाठवणंही चूक. वाचणं चूक आहेच. म्हणून फोटो पाठवणं चूक. तर्कशास्त्रात याहून निर्दोष अनुमान सापडणार नाही. पण ते निर्दोष राहायचं तर ‘वाचणं चूक’ या शब्दांचा अर्थ पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यात एकच असायला हवा. दुसऱ्या वाक्यात काका नापसंती प्रकट करतात, पहिल्यात कोणीच करत नाही. अर्थ म्हणजे प्रकट होणारी नापसंती, असं धरलं तर शब्द तेच राहतात पण अर्थ बदलतो, आणि अनुमान कोसळतं. गीच यांच्या मूळ उदाहरणात मांजराला छळणं आणि धाकट्या भावाला ते करायला लावणं या गोष्टी होत्या. सांगाडा हाच.

उद्गार आणि आज्ञा ‘जर’च्या पोटात शिरतच नाहीत, हेही पाहण्यासारखं आहे. ‘जर शी, तर…’ हे वाक्य होत नाही. ‘जर दार लाव, तर…’ हेही नाही. ‘जर ते चूक असेल, तर…’ मात्र अगदी सहज येतं. नैतिक वाक्यं उद्गारांसारखी नसून साध्या विधानांसारखी वागतात. प्रश्नात, नकारात, ‘किंवा’च्या दोन्ही बाजूंना, ‘त्याला वाटतं की’नंतर, अशा कुठल्याही जागी ती बसतात.

यावर आर. एम. हेअर यांनी दिलेलं उत्तर मला न्याय्य वाटतं. ते १९७० साली म्हणाले, की साधं विधानसुद्धा ‘जर’मध्ये गेल्यावर विधान राहत नाही. ‘पाऊस पडत असेल तर रस्ता ओला असेल’ असं म्हणणारा पाऊस पडतो आहे असं सांगत नसतो. तरी म्हणून कोणी म्हणत नाही, की ‘पाऊस पडतो आहे’ या वाक्याचा अर्थ विधान करण्याशी संबंधित नाही. तेव्हा ‘जर’मध्ये नापसंती प्रकट होत नाही एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. हे मान्य केलं तरी एक काम उरतंच. साध्या विधानांच्या बाबतीत घटकवाक्यांच्या अर्थापासून मोठ्या वाक्याचा अर्थ कसा तयार होतो याची कृती आपल्याकडे आहे. घटक केव्हा खरे आणि केव्हा खोटे हे कळलं, की ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांनी जोडलेल्या वाक्याचं खरेखोटेपण काढता येतं. ‘जर–तर’चा हिशोब थोडा वादग्रस्त आहे, पण त्याची सुरुवातही तिथूनच होते. अभिव्यक्तिवाद्याने सत्यापासून सुरुवात करायचं नाकारलं आहे. म्हणून त्याला स्वतःची कृती द्यावी लागेल: घटकवाक्यं ज्या मनोभूमिका प्रकट करतात, त्यांतून मोठं वाक्य कोणती मनोभूमिका प्रकट करतं?

सायमन ब्लॅकबर्न यांनी १९८४ साली अशी कृती देऊन पाहिली. ‘वाचणं चूक असेल तर फोटो पाठवणंही चूक’ हे वाक्य एक वरच्या पायरीची नापसंती प्रकट करतं, असं ते म्हणतील. वाचणं नापसंत करायचं आणि फोटो पाठवणं मात्र नापसंत करायचं नाही, अशा मनाच्या घडणीबद्दलची ती नापसंती. आता काकांचं अनुमान पाहा. ही वरची नापसंती ज्याच्याकडे आहे, वाचण्याबद्दलची नापसंतीही आहे, पण फोटोंबद्दल नाही, असा माणूस स्वतःच्याच कसोटीला उतरत नाही. त्याच्या मनात फट पडलेली आहे. अनुमानाची सक्ती म्हणजे ही फट टाळण्याची सक्ती.

कल्पना सुंदर आहे, पण ती टिकत नाही असं माझं मत आहे. टीकाकारांनी लवकरच बोट ठेवलं ते नेमक्या जागी. स्वतःच्या कसोटीला न उतरणं हा दोष आहे, पण तो तर्काचा दोष नाही. खोटं बोलणं नापसंत असूनही खोटं बोलणारा माणूस दुबळा असेल, ढोंगी असेल. त्याने तर्कात चूक केली असं आपण म्हणत नाही. ‘वाचणं चूक असेल तर फोटोही चूक, वाचणं चूक आहे, पण फोटो पाठवण्यात काही चूक नाही’ असं म्हणणाऱ्याची चूक वेगळ्या जातीची आहे. त्याचं बोलणं एकमेकांत बसतच नाही.

मार्क व्हॅन रोयन यांनी १९९६ साली हीच गोष्ट उलट्या बाजूने दाखवली. समजा कोणी म्हणालं, ‘वाचणं नापसंत करून फोटो पाठवणं मात्र नापसंत न करणं, हे चूक आहे.’ हे साधं नैतिक वाक्य आहे, यात ‘जर’ नाही. ब्लॅकबर्न यांच्या कृतीप्रमाणे मात्र हे वाक्य आणि चुलतभावाचं वाक्य अगदी एकच मनोभूमिका प्रकट करतात. म्हणजे या वाक्यापासून निघून ‘वाचणं चूक आहे’ला जोडून ‘फोटो पाठवणं चूक आहे’वर पोहोचणं हेही निर्दोष तार्किक अनुमान ठरायला हवं. ते तसं नाही. कोणाची मनोवृत्ती सदोष आहे एवढ्यावरून त्या कृत्याबद्दलचा निष्कर्ष तर्काने बाहेर पडत नाही. कृती इतकी सैल आहे, की तिच्यातून हवी ती अनुमानं निघतात आणि नको तीही.

बहुतेक चर्चा ‘जर–तर’पाशी थांबते. मला मात्र खरा पेच त्याहून छोट्या शब्दात वाटतो: ‘नाही’ या शब्दात. निकोलस अनविन यांनी १९९९ साली तो उघड केला, आणि आत्याच्या डायऱ्यांभोवती बसलेली चार माणसं म्हणजे त्याचं तयार उदाहरणच आहे.

काका मानतात, की वाचणं चूक आहे. चुलतभाऊ तसं मानत नाही, कारण तो काहीच मानत नाही. आई मानते, की वाचणं चूक नाही. आतेबहीण मानते, की न वाचणं चूक आहे. शेवटच्या तिन्ही वाक्यांत एकेक ‘न’ किंवा ‘नाही’ आहे, पण वेगवेगळ्या जागी. चुलतभावाच्या बाबतीत तो ‘मानणं’ला लागतो, आईच्या बाबतीत ‘चूक’ला, आतेबहिणीच्या बाबतीत ‘वाचणं’ला. आता हीच चार मनं अभिव्यक्तिवादी भाषेत मांडून पाहू. काका वाचणं नापसंत करतात. चुलतभाऊ वाचणं नापसंत करत नाही. आतेबहीण न वाचणं नापसंत करते. आणि आई?

आईसाठी जागाच उरत नाही. ‘वाचणं नापसंत करणं’ यात नकार घालायला दोनच जागा आहेत, ‘नापसंत करणं’ आणि ‘वाचणं’. पहिली चुलतभावाने घेतली, दुसरी आतेबहिणीने. मूळ नैतिक वाक्यात ‘मानणं’, ‘चूक’ आणि ‘वाचणं’ असे तीन भाग होते. त्यांतले ‘मानणं’ आणि ‘चूक’ हे दोन ‘नापसंत करणं’ या एकाच क्रियेत विरघळले, आणि मधली जागा नाहीशी झाली.

रोजच्या बोलण्यात हे सहसा ध्यानात येत नाही. ‘ते चूक आहे असं मला वाटत नाही’ हे वाक्य आईही म्हणेल आणि चुलतभाऊही. ती म्हणेल तेव्हा अर्थ होईल ‘ते चालेल’, तो म्हणेल तेव्हा ‘मला अजून ठरवता येत नाही’. पण दोघांत केवढं अंतर आहे! काका आणि आई यांच्यात खरा वाद आहे, दोघांचंही बरोबर असू शकत नाही. काका आणि चुलतभाऊ यांच्यात वादच नाही. एक जण ठरवून मोकळा झालाय आणि दुसऱ्याचं ठरायचं आहे, इतकंच. ज्या सिद्धांताला या दोन नात्यांतला फरक सांगता येत नाही, त्याला मतभेद म्हणजे काय हेच सांगता आलेलं नाही. एअर यांचे वारसदार नैतिक मतभेद समजावून सांगणं हे आपलं बलस्थान मानत आले, म्हणून ही जागा त्यांना सर्वांत जास्त लागते.

चटकन सुचणारा उपाय असा, की आईच्या मनासाठी एक वेगळी वृत्ती मानायची आणि तिला ‘चालवून घेणं’ म्हणायचं. काका नापसंत करतात, आई चालवून घेते. जागा भरली. पण मग मला विचारावंसं वाटतं, की नापसंत करणं आणि चालवून घेणं यांत विसंगती का आहे? पाऊस पडतो आहे असं मानणं आणि पाऊस पडत नाही असं मानणं विसंगत का, याला उत्तर आहे: वृत्ती एकच, ‘मानणं’, आणि तिचे दोन आशय एकत्र खरे असू शकत नाहीत. इथे उलट आहे. आशय एकच, ‘वाचणं’, आणि वृत्ती दोन. त्या एकमेकींशी भांडतात हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ‘चालवून घेणं’ ही वृत्ती आपण त्याच कामासाठी घडवली. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरल्यासारखं झालं. अ‍ॅलन गिबर्ड यांनी २००३ साली थोड्या वेगळ्या रीतीने म्हटलं, की एखाद्या मनोभूमिकेशी असहमत असणं ही मूलभूत गोष्ट आहे आणि तिच्यापासूनच सुरुवात करावी. ही भूमिका सरळ आहे. पण सुरुवातीचा दगड म्हणून जे ठेवलं आहे, तेच समजून घ्यायला मी या सिद्धांताकडे आले होते.

२००८ साली मार्क श्रोडर यांनी केलेली दुरुस्ती मात्र मला या सगळ्या वादातली सर्वांत कसबी वाटते. जागा नाहीशी झाली असेल, तर ती परत निर्माण करू, असं ते म्हणतात. मूळ वृत्ती एकच घ्यायची: एखाद्या गोष्टीच्या ‘बाजूने असणं’. आणि ‘वाचणं चूक आहे’ असं मानणं म्हणजे ‘वाचण्याबद्दल दोष देणं’ याच्या बाजूने असणं. आता पुन्हा तीन भाग झाले. काका वाचण्याबद्दल दोष देण्याच्या बाजूने आहेत. चुलतभाऊ दोष देण्याच्या बाजूने नाही. आई दोष न देण्याच्या बाजूने आहे. आतेबहीण न वाचण्याबद्दल दोष देण्याच्या बाजूने आहे. चौघांना चार जागा मिळाल्या, आणि काका-आईंची विसंगतीही समजली. वृत्ती एकच, आणि ‘दोष देणं’ व ‘दोष न देणं’ हे आशय एकत्र येऊ शकत नाहीत. जाण्याचा आणि न जाण्याचा, असे दोन्ही बेत एकाच मनात धरता येत नाहीत, तसंच हे.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण भाषेत नैतिक आणि साधी वाक्यं वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. ‘एकतर आत्याने परवानगी दिली होती, किंवा वाचणं चूक आहे’ या वाक्याचा एक भाग साधं विधान आहे आणि दुसरा नैतिक. दोन्ही जोडायचे तर दोन्ही एकाच मालाचे हवेत. म्हणून श्रोडर यांना साध्या विश्वासाचंही रूप बदलावं लागतं. आत्याने परवानगी दिली होती असं मानणं म्हणजे, तिने परवानगी दिली होती असं धरून चालण्याच्या बाजूने असणं.

आणि इथे तीच फट परत उघडते. या विश्वासाचा नकार काय? कृती सांगते, ‘परवानगी दिली होती असं धरून न चालण्याच्या बाजूने असणं.’ पण आपल्याला हवं होतं ‘परवानगी दिली नव्हती असं धरून चालण्याच्या बाजूने असणं.’ हे दोन एक नाहीत. ज्याला काहीच माहीत नाही असा शहाणा माणूस दोन्हीपैकी काहीच धरून चालत नाही. म्हणजे नैतिक वाक्यांतून हुसकावलेला चुलतभाऊ आता साध्या विधानांच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला जागा द्यायला प्रत्येक वाक्याच्या अर्थाला दोन-दोन अंगं द्यावी लागतात. मग भूतकाळ, शक्यता, ‘बहुतेक’सारखे शब्द अशा एकेका ठिकाणी यंत्र अधिकाधिक जड होत जातं. ज्या श्रोडर यांनी ते इतक्या निगुतीने उभारलं, त्यांनीच शेवटी म्हटलं, की अभिव्यक्तिवाद सुसंगतपणे मांडता येतो, पण तो बहुधा खरा नसावा. स्वतःच्या हाताने बांधलेल्या गोष्टीबद्दल असं म्हणायला धैर्य लागतं.

मला अजूनही अभिव्यक्तिवाद पूर्ण सोडवत नाही. चूकपणा नावाचा गुणधर्म जगात कुठे आहे, हा मूळ प्रश्न या तार्किक अडचणींनी सुटलेला नाही. पण एक गोष्ट मी आता ठामपणे मानते. सिद्धांताने सुरुवात काकांपासून केली, म्हणजे ठाम आवाजात ‘चूक आहे’ म्हणणाऱ्यापासून, आणि बाकीच्यांना त्यावरून घडवायचा प्रयत्न केला. नैतिक विचार मात्र चुलतभावाच्या मनात चाललेला असतो. ‘चूक असेल का?’ ‘चूक असेल तर पुढे काय?’ ‘चूक नसेलही.’ यांतल्या एकाही वाक्यात नापसंती प्रकट होत नाही, आणि यांशिवाय कोणाची नापसंती विचारपूर्वक तयारही होत नाही.

याच जागी मायकेल स्मिथ यांनी २००२ साली आणखी एक अडचण दाखवली. तिच्याकडे व्हावं तितकं लक्ष गेलेलं नाही असं मला वाटतं. नैतिक मताला दोन मापं तरी असतात: मला ते किती खात्रीने वाटतं, आणि ते कृत्य माझ्या मते किती गंभीर आहे. चुलतभाऊ म्हणू शकतो, ‘चूक आहे की नाही याची मला फारशी खात्री नाही, पण असलंच तर फार मोठी चूक आहे.’ काका म्हणू शकतात, ‘चूक नक्की आहे, पण तेवढी मोठी नाही.’ नापसंती मात्र एकाच मापाने मोजता येते: ती कमी असते किंवा जास्त. ती किती काळ टिकते हे पाहता येतं, पण ते मत नव्या माहितीपुढे किती टिकेल याचं माप झालं, खात्रीचं नव्हे. मग काकांची सौम्य नापसंती आणि चुलतभावाची शंका एकाच अंकावर येऊन बसल्या, तर त्यांना वेगळं कसं ओळखायचं? ‘बाजूने असणं’ आणि ‘दोष देणं’ अशी फोड केल्यावर दुसरं माप ठेवायला जागा होते खरी. गंभीरपणा दोषाच्या प्रमाणात धरायचा आणि खात्री बाजूने असण्याच्या तीव्रतेत. पण एखाद्या बेताच्या बाजूने अर्धवट असणं आणि एखाद्या गोष्टीबद्दल अर्धवट खात्री असणं या एकच गोष्टी आहेत का? अर्धवट खात्री असलेला माणूस अधिक पुरावा शोधतो. अर्धवट मनाने बाजूला उभा राहिलेला माणूस नेमकं काय शोधेल, हे मला अजून कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.